रंग तसाच ठेवून ग्रिलवरची काजळी आणि ओशट थर कसा काढायचा

"ताई, आमचं घर अशोक चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. रस्त्याच्या बाजूला गॅलरीचा लोखंडी कठडा आहे आणि मागे स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल. दोन्हींना क्रीम ऑइल पेंट, सहा वर्षांपूर्वी दिलेला. कठड्यावर काळी धूळ बसते, ओल्या फडक्याने पुसली की काळे ओघळ उठतात. ग्रिलवर तर चिकट, काळपट थर चढलाय. कामाच्या मावशींनी घरात उरलेलं रॉकेल लावून पुसलं. चार दिवस चकाकलं आणि मग आधीपेक्षा काळं झालं. रंगारी म्हणतो, सगळं घासून नवीनच रंग द्या. पण सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, रंगाचा वास घरात नको. पाणीही आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं. रंग न देता हे निघेल का?"
— एक वाचक, सोलापूर

ताई, निघेल. पण कठडा आणि ग्रिल यांना एकच औषध लावू नका. कठड्यावर बसली आहे ती कोरडी काजळी, आणि ग्रिलवर आहे ते वाळून घट्ट झालेलं तेल. एकाला पाण्याने सुरुवात केली की बिघडतं, दुसऱ्याला घाई केली की बिघडतं. म्हणून आधी कठडा, मग ग्रिल, आणि शक्यतो दोन वेगळ्या दिवशी.

कठड्यापासून सुरू करू. रस्त्यावरची काळी धूळ म्हणजे मातीत मिसळलेले कार्बनचे अगदी बारीक कण. गाड्यांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, कुठेतरी पेटलेली चूल, सगळं त्यात आलं. कार्बन पाण्यात विरघळत नाही आणि पाणी त्याला धरतही नाही. तुम्ही ओलं फडकं फिरवता तेव्हा माती भिजते, तिचा चिखल होतो आणि तो चिखल काजळीला रंगाच्या बारीक छिद्रांत दाबून बसवतो. उरलेलं खाली ओघळतं आणि वाळलं की ओघळाच्या खुणा राहतात. सहा वर्षं ऊन खाल्लेल्या ऑइल पेंटची वरची चकाकी गेलेली असते, त्याला खडूसारखा खरखरीतपणा आलेला असतो, त्यामुळे काजळीला बसायला जागाच जागा मिळते.

तेव्हा कठड्याला पाणी लावण्याआधी तो कोरडाच झाडायचा. रंगाऱ्याचा दोन इंची मऊ ब्रश हार्डवेअरच्या दुकानातून आणा, नवा आणि कोरडा. केरसुणी किंवा फटके मारायचं फडकं नको, त्याने काजळी हवेत उडते आणि घरात शिरते. ब्रश वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने चालवा. खाली जमिनीवर वर्तमानपत्राचे ओले कागद पसरून ठेवा, पडलेली काजळी त्यांनाच चिकटते आणि नंतर गुंडाळून टाकता येते. गॅलरीचं दार बंद करा, सासूबाई आतल्या खोलीत असू द्या आणि तुम्ही तोंडाला मास्क बांधा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा ब्रशवाला तोंडभाग ब्रशच्या मागोमाग धरा, निम्मं काम तोच करतो. आडव्या पट्टीची खालची बाजू आणि गज जिथे पट्टीला जोडला आहे तो कोपरा विसरू नका. नंतर ओघळ उठतात ते याच जागांतून.

मगच पाणी. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. फेस जास्त झाला म्हणजे स्वच्छ जास्त होईल असं काही नाही, उलट तो काढायला पाणी जास्त लागतं. दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडक्यासाठी जुना सोलापुरी टॉवेल घ्या, आपल्याकडे तो प्रत्येक घरात निघतोच. टॉवेलच्या उभ्या धाग्यांच्या फासांत काजळी अडकते, तर गुळगुळीत सुती कापड तीच काजळी पुढे ढकलत नेतं. टॉवेलचा हातभर तुकडा घडी घालून आठ पदरी करा. लिक्विडच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतका की पाणी टपकणार नाही. एक गज पुसला की घडी उलटा, स्वच्छ बाजू वर आणा. आठही बाजू काळ्या झाल्या की साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा लिक्विडमध्ये. काळं फडकं थेट लिक्विडच्या बादलीत बुडवलं की तीच काजळी तुम्ही पुढच्या गजाला लावत बसता.

पुसताना खालून वर जा. हे उलटं वाटेल, पण कोरड्या, मळक्या रंगावर ओघळ पडला तर त्याची खूण घट्ट बसते. आधीच ओल्या आणि पुसलेल्या भागावर पडला तर सहज निघतो. शेवटी साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं वरून खाली, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. असं केलं तर दहा फुटी कठड्याला पाच-सहा लिटर पाणी पुरतं, पाइप लावून धुवायची गरज नाही. पाइपने धुतलं तर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळं पाणी पडतं आणि भांडण निघतं ते वेगळंच.

पाणी नळाचं वापरा, बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ते गजावर वाळलं की पांढरे डाग राहतात आणि लोकांना वाटतं, रंगच गेला. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर नळाच्या पाण्यापेक्षाही जड. ते गॅलरीची फरशी पुसायला ठीक आहे, कठड्याला नको. कपड्याच्या साबणाची वडी जड पाण्यात फेसाऐवजी चोथा करते, म्हणून मी लिक्विड सांगितलं.

कठडा एवढ्यावर उजळतो. आता ग्रिल, आणि इथे जरा थांबून समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर रंगाऱ्याला बोलवावंच लागतं.

फोडणीचा, तळणाचा धूर म्हणजे हवेत उडालेलं तेल. ते थंड लोखंडावर जाऊन बसतं. पहिले काही दिवस ते नुसतं ओशट असतं, बोटाने पुसलं तरी निघतं. पण तेल हवेत आणि उन्हात वाळतं. पाणी वाळतं तसं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि शेवटी त्याचा पापुद्रा धरतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत करडईचं तेल. या तेलात हा गुण भरपूर, म्हणूनच रंग आणि व्हार्निश बनवायलाही ते वापरतात. सूर्यफुलाचंही वाळतं, जरा सावकाश. शेंगदाण्याचं त्यामानाने वाळत नाही, ते बराच काळ चिकटच राहतं. वाळायच्या आधी या चिकट तेलाला रस्त्यावरची काजळी धरते, आणि तुमच्या भागात त्यात यंत्रमागांवरून उडणारा सुताचा भुगाही येऊन बसतो. तेल, काजळी आणि सूत मिळून जो थर होतो तो मळ कमी आणि नमदा जास्त. गजाच्या कडेला नख लावून पाहा, तो सालीसारखा उचलला जाईल.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या ग्रिलचा ऑइल पेंट म्हणजे तरी काय? वाळणाऱ्या तेलापासून बनवलेलं राळेसारखं द्रव्य आणि त्यात रंगाची पूड. म्हणजे वरचा चिकट थर आणि खालचा रंग हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. जे औषध वाळलेलं तेल तोडतं ते रंगालाही तोडतं. फरक इतकाच की रंग जास्त घट्ट वाळलेला आहे, त्यामुळे तो जरा उशिरा हार मानतो. या दोन वेळांच्या मधल्या फटीत आपलं काम उरकायचं असतं. म्हणून औषध सौम्य हवं, आणि वेळ मोजलेली हवी.

हे मी नुकसान सोसून शिकले. लग्नानंतरच्या घरी दिवाळीच्या तोंडावर मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून मी ग्रिलला लावला आणि चहा ठेवायला आत गेले. दहा मिनिटांनी फडकं फिरवलं तर दुधावरची साय निघावी तसा रंग सुरकुतून फडक्याबरोबर आला. खालचं लाल प्रायमर उघडं पडलं. मळ निघाला होता, हे खरं, पण रंगासकट. कॉस्टिक सोडा रंग उतरवायलाच वापरतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही कॉस्टिक, मोरीचं पावडर, ओव्हन साफ करायचा फवारा, यातलं काही ग्रिलजवळ आणू नका.

आपल्याला हवा तो धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो आणि त्याला वास नाही, सासूबाईंच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. खाण्याचा सोडा वेगळा, तो तेलाला फारसं काही करत नाही. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळला की तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि उरलेलं सुटं करतो. प्रमाण एक लिटर कोमट पाण्याला एक चहाचा चमचा, सपाट, शीग लावून नाही. त्यात भांड्यांच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब. पाणी अंगाला सोसेल इतपत कोमट, कढत नको. हातात रबरी मोजे घाला, सोड्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. कोरडी सोड्याची पूड हवेत उडू देऊ नका, चमचा पाण्याजवळ नेऊनच घाला.

पहिल्याच दिवशी अख्खं ग्रिल घेऊ नका. आतल्या बाजूला, भिंतीजवळचा, सहज दिसणार नाही असा चार बोटं भाग निवडा. कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून तिथे पाच मिनिटं दाबून ठेवा आणि पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर चहासारखा तपकिरी रंग आला तर ते तेल. राखाडी किंवा काळा आला तर काजळी. पण क्रीम रंगाचं, दुधी पाणी आलं तर तो तुमचा रंग सुटतोय. तसं झालं तर सोडा निम्मा करा, वेळ तीन मिनिटं करा आणि शेजारच्या जागी पुन्हा पाहा. तरीही दुधी आलं तर त्या ग्रिलला सोडा मानवणार नाही. मग फक्त लिक्विडचं पाणी आणि जास्त फेऱ्या, दुसरा उपाय नाही. हाताला नुसती पांढरी भुकटी लागत असेल तर ती उन्हाने जीर्ण झालेल्या रंगाची, थोडी येणारच, तिला घाबरू नका. भुकटी आणि दुधी ओघळ यातला फरक दोन वेळा पाहिला की डोळ्याला कळतो.

आता माझ्या सध्याच्या घरच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलचं सांगते, म्हणजे वेळ आणि पाणी किती लागतं याचा अंदाज येईल. चार फूट बाय साडेतीन, अकरा उभे गज, मध्ये लोखंडी पट्टीची वळणदार फुलं. पाच वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. सकाळी साडेसहाला सुरू केलं, ऊन यायच्या आत. उन्हात लोखंड तापतं, सोड्याचं पाणी गजावरच वाळतं, पांढऱ्या रेघा राहतात आणि तापलेल्या रंगाला सोडा झपाट्याने लागतो. आपल्याकडे मार्चनंतर हे काम आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावरच करायचं.

आधी कोरडा ब्रश. मग जुन्या ओल्या दातांच्या ब्रशने सुताचा नमदा उचलला, तो गजाच्या मागच्या बाजूने लोकरीसारखा लांबच लांब निघाला. इथपर्यंत अजून सोडा लावलेला नव्हता. हे आधी काढलं नाही तर सगळं सोड्याचं पाणी तोच पिऊन टाकतो आणि खालच्या तेलापर्यंत काही पोचत नाही.

मग जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. पट्टी सोड्याच्या पाण्यात भिजवून, हलकी पिळून गजाला खालपासून वरपर्यंत गुंडाळायची, जखमेला पट्टी बांधतो तशी. एका वेळी तीनच गज, कारण चौथ्यापर्यंत हात पोचेपर्यंत पहिल्याची वेळ भरते. वरून जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळली म्हणजे पाणी वाळत नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं. मग प्लॅस्टिक काढायचं, सुती पट्टी सोडवायची आणि तीच गजामागून घालून दोन्ही टोकं दोन हातांत धरून ताक घुसळल्यासारखी मागे-पुढे ओढायची, हळूहळू खाली सरकत. रवीला दोरी फिरते तशी ती गजाला सगळ्या बाजूंनी घासते. नुसत्या बोटांनी पुसलं तर गजाची मागची बाजू तशीच राहते आणि खालून वर पाहिलं की काळी दिसते.

पहिल्या फेरीत पट्टी गर्द चहासारखी झाली. दुसऱ्या फेरीत फिक्या चहासारखी. तिसऱ्या गजावर मी मोह आवरला नाही, एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून दहा मिनिटं ठेवलं. पट्टीवर लगेच क्रीम झाक दिसली आणि बोट लावलं तर रंग किंचित चिकट लागला. तिथेच थांबले, साध्या पाण्याने तो गज दोनदा पुसला आणि दिवसभर हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा घट्ट झाला, पण त्याची चकाकी बाकीच्यांपेक्षा कमी झाली ती झालीच. म्हणून सांगते, एकदा दहा मिनिटं ठेवण्यापेक्षा दोनदा पाच मिनिटं ठेवा. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये साध्या पाण्याने पुसून अर्धा-एक तास जाऊ द्या.

फुलांच्या वळणांत पट्टी जात नाही. तिथे दातांचा ब्रश आणि टोकाला कापूस गुंडाळलेली बांबूची काडी. जिथे थर जाड होऊन थेंबासारखा गोठला होता तिथे फेरीनंतर जुन्या एटीएम कार्डाची कड चालवली, प्लॅस्टिक रंगाला ओरखडत नाही. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घेतला असता तर लोखंडापर्यंत गेला असता.

अकरा गज आणि फुलं मिळून दोन रविवार, दर वेळी अडीच तास. पाणी पहिल्या दिवशी बारा लिटर, दुसऱ्या दिवशी नऊ. तुमच्या पाण्याच्या हिशेबात हे बसेल. काम झाल्यावर साध्या पाण्याने दोनदा पुसणं मात्र सोडू नका. सोडा राहिला तर त्याचा पांढुरका थर दिसतो आणि तो रंगावर काम करतच राहतो. कोरड्या टॉवेलने पुसून पंख्याखाली वाळू द्या.

काही जागी काळं सगळं निघालं, पांढरं कापडही स्वच्छ आलं, तरी क्रीम रंग पिवळा दिसत होता. ते पिवळेपण मळाचं नाही. ऑइल पेंट स्वतःच कमी उजेडात आणि उष्णतेत पिवळा पडतो. कितीही घासलं तरी ते जाणार नाही. कापड स्वच्छ आलं की थांबायचं, त्यानंतर जे घासाल तो रंगच.

तुमच्या मावशींनी रॉकेल लावलं तेव्हा काय झालं तेही सांगते, म्हणजे त्यांना समजावता येईल. रॉकेलने वरचं ताजं तेल विरघळतं, पण ते कुठे जात नाही, फडक्याने ते सगळ्या ग्रिलवर पातळ पसरतं. रॉकेल सावकाश उडतं, मागे ओशट पापुद्रा ठेवतं, आणि तोच चकाकतो. चार दिवसांत त्याच्यावर पुन्हा धूळ बसून चिखल होतो. खोबरेल लावून चमकवतात त्याचंही असंच. त्यात गॅसच्या शेगडीजवळ रॉकेल आणि दम्याच्या माणसाला त्याचा वास, दोन्ही नको. थिनरने तर रंगच विरघळतो. पुढच्या सफाईत आधी एकदा फक्त लिक्विडच्या पाण्याने पुसून तो रॉकेलचा पापुद्रा काढा, मग सोडा.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढणं पाहायला छान वाटतं, पण एकाने दुसऱ्याचा जोर मारला जातो आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू तेल काढत नाही, आणि रंग उडालेल्या जागी लोखंडाला गंज धरवतं. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. लोखंड तर खातंच, पण गॅलरीत शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर ओघळ पडला की ती फसफसून खडबडीत होते.

तारेची घासणी आणि भांड्यांची हिरवी घासणी, दोन्ही बाजूला ठेवा. हिरवी मऊ वाटते, पण तिच्यात घासणारी पूड असते आणि ती रंगाची चकाकी खरवडते. चकाकी गेलेल्या जागी पुढच्या महिन्यात काजळी दुप्पट घट्ट बसते. तारेच्या घासणीचे तुकडे कोपऱ्यात अडकतात आणि पहिल्या पावसात तिथून तांबडे ओघळ सुटतात. रंगारी पॉलिश पेपरने घासतो म्हणाला असेल, तर घर जुनं आहे का ते आधी पाहा. घरगुती रंगात शिसं अगदी कमी असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमचा वरचा थर सहा वर्षांचा असला तरी त्याच्या खाली जुने थर असू शकतात. ते कोरडे घासले तर शिशाची धूळ घरात उडते, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असताना ती जोखीम घेऊ नये.

ग्रिलच्या मागे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असेल तर तिच्या चौकटीवर सोड्याचं पाणी थांबू देऊ नका, ॲल्युमिनियम त्याने काळवंडतं. काम सुरू करण्याआधी खालच्या रुळात कोरडं फडकं कोंबून ठेवा. तुळस किंवा कुंड्या खाली असतील तर हलवा. आणि वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा कठडा पावडर कोटिंगचा असेल, हल्ली नव्या इमारतींत तसे असतात, तर त्याला सोडा लावूच नका, लिक्विडचं पाणी पुरे. ओळखायचं कसं? ऑइल पेंटवर जवळून ब्रशच्या रेघा आणि कुठेतरी गोठलेला थेंब दिसतो. पावडर कोटिंग सगळीकडे सारखं असतं, संत्र्याच्या सालीसारखं बारीक दाणेदार.

मळ निघाल्यावर एक-दोन जागी रंगाला फोड आलेला किंवा खाली गंज दिसेल. तो सफाईने झालेला नाही, आधीपासून होता, आता उघडा पडला. तेवढ्यासाठी अख्खं ग्रिल रंगवू नका. सुटलेला पापुद्रा ओल्या फडक्याने काढा, जागा पूर्ण वाळू द्या, बोटाएवढ्या जागेवर रेड ऑक्साईडचा एक हात आणि दुसऱ्या दिवशी क्रीमचा छोटा ठिपका. सासूबाईंना त्या दोन दिवशी नणंदेकडे किंवा समोरच्या खोलीत ठेवा, खिडकी उघडी ठेवा. एवढ्याशा रंगाचा वास मोठ्या कामाच्या मानाने लवकर जातो. पण फोड गजागजावर असतील, नख लावल्यावर पट्टीच्या पट्टी सुटत असेल, तर रंगाऱ्याचं म्हणणं खरं आहे. तिथे माझा उपाय चालणार नाही, कारण धरून ठेवण्यासारखा रंगच तिथे राहिलेला नाही.

पुन्हा इतकी वेळ येऊ नये म्हणून कठड्यावर पंधरा दिवसांतून एकदा कोरडा ब्रश फिरवा. ऊस गाळपाच्या दिवसांत काळे हलके पापुद्रे उडून येत असतील, तर तेव्हा आठवड्यातून एकदा, आणि सकाळचं दव वाळल्यावर. ओल्या राखेला ब्रश लावला की ती फासली जाते.

ग्रिलसाठी एक्झॉस्ट फॅन पाहा. तो ग्रिलच्या आतल्या बाजूला असेल तर तळणाचा सगळा धूर तो ग्रिलवरच फेकतो. फॅनच्या बाहेरच्या झडपा उघडतात की तेलाने चिकटून अर्ध्याच राहिल्यात ते बघा, कारण अर्ध्या राहिल्या की हवा वर किंवा बाजूला वळून नेमके तेच दोन-तीन गज काळे करते. माझ्याकडे असंच होतं. झडपा धुतल्यावर त्या गजांवरचा थर निम्म्यावर आला. ताजं तेल वाळून घट्ट व्हायला काही आठवडे तरी लागतात, म्हणून दर रविवारी भांडी झाल्यावर उरलेल्या लिक्विडच्या पाण्यात फडकं पिळून फॅनसमोरचे तेवढेच गज पुसून घ्या. त्यांना सोडा पुन्हा लावावा लागणार नाही.